मेडिकल आणि फिटनेसच्या कागदातून एचआरला नेमकं काय द्यायचं, आजार न सांगता?

टाइमऑफिस_बुटीबोरी

नमस्कार मंडळी. बुटीबोरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे, हजेरी, ओटी, रजा सगळं माझ्याच टेबलावर येते. आतापर्यंत कोणी मेडिकल टाकली की मी कागद स्कॅन करायचो आन् एचआर, प्लांट हेड, सुपरवायझर सगळ्यांना एकाच मेलमध्ये पाठवून मोकळा व्हायचो. मध्यंतरी एका पोराच्या कागदावरचं कँटीनमध्ये पोहे खाता खाता चर्चेला आलं, तो बिचारा माझ्या टेबलापाशी येऊन रडकुंडीला आला, तेव्हापासून मलाच कसंतरी होऊन राहिलं. आता नवीन एचआर मॅडमनी सांगितलं की मूळ कागद बंद पाकिटात ठेवा आणि आम्हाला अर्ध्या पानाचा गोषवारा द्या, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, आणि आल्यावर कोणतं काम द्यायचं नाही. आजार कुठेच दिसायला नको.

ऐकायला सोपं वाटते पण पहिल्याच केसमध्ये अडकलो. चार कागद आहेत, आजार सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत.

पहिला गल्लीतल्या डॉक्टरचा, 8 जुलैला दिलेला, "7/7/2025 पासून 7 दिवस विश्रांती". दुसरं डिस्चार्ज कार्ड, 11 जुलैला भरती, 14 जुलैला डिस्चार्ज, खाली लिहिलंय डिस्चार्जनंतर 2 आठवडे आराम. तिसरा 30 जुलैचा, "आणखी 10 दिवस आराम", कधीपासून ते लिहिलंच नाही. चौथा फिटनेस, तारीख 11 ऑगस्ट, त्यात 12 ऑगस्टपासून कामावर येण्यास योग्य, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, गाडी चालवू नये, उंचीवर काम नको, नाइट शिफ्ट नको, फिरत्या मशीनपाशी एकट्याने नको, 3 महिन्यांनी दाखवणे. पोरगा स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवते.

मी 7 आणि 4 आणि 14 आणि 10 अशी बेरीज करून 35 दिवस काढले. हजेरीत तो 36 दिवस नव्हता, म्हणजे एकच दिवस बिनपगारी, बरोबर ना?

पेरोल_प्रवीण

बरोबर आहे भाऊ, एक दिवस एलडब्ल्यूपी टाका आणि विषय संपवा. आणि गोषवारा वगैरे कशाला एवढी मगजमारी, आम्ही तर झेरॉक्स काढतो, आजाराच्या ओळीवर काळा मार्कर फिरवतो आणि फाइलला लावतो. दहा सेकंदाचं काम आहे.

कारखाना_डॉक्टर_निवृत्त

प्रवीणभाऊ, दोन्ही चूक, पण दुसरी जास्त महाग पडेल म्हणून आधी ती सांगतो. मार्कर मारलेला कागद खिडकीशी धरा, खालचं अक्षर दिसते. मूळ कागदावर मारला असेल तर मागून दाबाची खूणही दिसते. कम्प्युटरवर पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढली असेल तर बरेचदा खालचं अक्षर तसंच असते, कॉपी करून दुसरीकडे टाकलं की वाचता येते. आणि समजा पट्टी पक्की आहे, तरी लेटरहेडवर डॉक्टर कशाचे ते छापलेलं आहे, खाली गोळीचं नाव आहे, "अमुक ओपीडीला दाखवा" लिहिलेलं आहे. एक ओळ झाकून बाकीच्या पाच ओळी बोलतात. म्हणून झाकायचं नाही, नवीन कागदावर उतरवायचं. टाइम ऑफिसवाल्या भाऊंच्या मॅडमचं बरोबर आहे.

यात डॉक्टरांना दोष देऊ नका मात्र. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीत रजेच्या सर्टिफिकेटचा जो नमुना आहे, त्यातच आजार लिहायला जागा आहे, त्यामुळे तो कागदावर येणारच. गंमत अशी की त्याच नमुन्याच्या फिटनेसच्या भागात फक्त रुजू होण्यास योग्य एवढंच आहे, कामाच्या बंधनांना जागाच ठेवलेली नाही. म्हणून डॉक्टर ते कोपऱ्यात, आडवं, जमेल तसं खरडतात, आणि एचआरच्या कामाचं तेवढंच नेमकं वाचलं जात नाही.

आता तारखा. बेरीज करू नका, कॅलेंडर घ्या आणि दिवस रंगवा. पहिला कागद 7 ते 13 जुलै, 7 तारीख धरून. भरती 11 ते 14. म्हणजे 11, 12, 13 हे तीन दिवस तुम्ही दोनदा मोजले. डिस्चार्जनंतर 2 आठवडे म्हणजे 15 ते 28 जुलै, डिस्चार्जचा दिवस भरतीत गेला. इथवर सलग 22 दिवस झाले. तिसरा कागद 30 जुलैचा आहे आणि त्यात सुरुवात नाही, तर कागदाच्या तारखेपासून 10 दिवस, 30 जुलै ते 8 ऑगस्ट. एकूण 32. आणि 29 जुलै, 9, 10, 11 ऑगस्ट असे चार दिवस कोणत्याच कागदात नाहीत.

तुमचे 35 हे 36 च्या इतके जवळ आले की शंकाच आली नाही. तीन दिवस दोनदा मोजल्यामुळे वाढले आणि चार दिवस उघडे होते त्यातले तीन झाकले गेले. अशीच चूक सगळ्यात जास्त दिवस टिकते.

टाइमऑफिस_बुटीबोरी

बाप्पा! म्हणजे त्याचे चार दिवस बिनपगारी? मी तर त्याला सांगूनही टाकलं एकच म्हणून. सर, 29 तारखेचं तर उघड आहे ना, आजारी माणूस 28 ला आजारी, 30 ला आजारी, मग 29 ला काय ठणठणीत झाला? मी सरळ 29 जुलै ते 8 ऑगस्ट लिहून टाकू का?

कारखाना_डॉक्टर_निवृत्त

नाही. तुमचं अनुमान बरोबरच असेल, पण ते अनुमान आहे. आज चांगुलपणाने एक दिवस भरला, उद्या कोणाचा भरायचा नाही ते तुम्ही ठरवणार का? गोषवाऱ्यात "29 जुलै, प्रमाणपत्रात नाही" असं लिहा आणि त्याला सांगा त्याच डॉक्टरकडून एक ओळ आण, आराम कोणत्या तारखेपासून सांगितला होता ते. डॉक्टरांनी दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं असते, आणि सर्टिफिकेटची प्रतही, त्यामुळे त्यांना पाहून सांगता येते. मूळ कागदावरच नवीन तारीख घुसडून आणली तर घेऊ नका, वेगळं पत्र किंवा सही-शिक्का-तारखेसह दुरुस्ती पाहिजे.

बाकी 9, 10 आणि 11 चं पगारात काय करायचं ते तुमच्या स्टँडिंग ऑर्डरवर आणि साप्ताहिक सुट्टीवर आहे. 10 ला रविवार होता. पण तो निर्णय गोषवाऱ्याचा नाही. गोषवारा लिहिणाऱ्याने फक्त कागदात काय आहे आणि काय नाही तेवढं सांगावं.

शिक्षिका_काटोलरोड

माझं पण हेच झालं होतं!! मी शाळेत आहे, परिवर्तित रजेसाठी मेडिकल जोडलं तर मुख्याध्यापकांनी क्लार्कला, क्लार्कने पुढे, आणि एक झेरॉक्स स्टाफरूमच्या टेबलावर आठ दिवस पडून होती चहाच्या कपाखाली. माझं ऑपरेशन कशाचं होतं ते शिपायापासून सगळ्यांना माहीत झालं, एका मॅडमनी तर मला घरगुती उपाय पण सांगितला. आणि एवढं करून रजा अजून मंजूर नाही. फिटनेस मी मेडिकलमधून आणलं होतं तरी म्हणतात त्रुटी आहे. कोणाला माहीत आहे का किती दिवसात मंजूर व्हायला पाहिजे?

संत्रावाला_नागपूर

ताई, नागपूरच्या बाहेरचे लोक गोंधळतील, त्यांना वाटेल औषधाच्या दुकानातून फिटनेस आणलं 😀 आपल्याकडे मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल.

पण मूळ धाग्यावर एक विचारू का टाइम ऑफिस भाऊ? गाडी नाही, उंची नाही, नाइट नाही, मशीनपाशी एकटा नाही... पोराला फिट येतात का?

टाइमऑफिस_बुटीबोरी

मी काहीच सांगणार नाही. पण तुम्ही विचारलं तसं मॅडम पण विचारतील, आन् सुपरवायझर तर विचारणारच नाही, सरळ ठरवून टाकेल. आजाराचं नाव मी लिहिलं नव्हतं तरी धाग्यात चौथ्या माणसाने बोट ठेवलं. मग आमच्या गोषवाऱ्याचा उपयोग काय?

ताई, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे सरकारी रजेचं माहीत असणारे कमी आहेत.

एचआर_वर्धारोड

हाच खरा प्रश्न आहे आणि मला तो उशिरा कळला. निदान हे एका शब्दात नसतं, ते कागदभर पसरलेलं असतं. आमच्याकडे एका क्लार्कने मोठ्या काळजीने आजाराचं नाव गाळलं आणि बाजूचा F32 तसाच ठेवला, त्याला वाटलं हा हॉस्पिटलचा बिल नंबर. तो आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड असतो, नेटवर टाकला की एका सेकंदात उदासीनतेचा आजार असं समोर येतं. दिवसांचा आकडा पण बोलतो. एखाद्या बाईला बरोबर 42 दिवस पगारी रजा गेली आणि पाळणा हलला नाही, तर ऑफिसातल्या चार बायकांना कायद्यातले सहा आठवडे कशाचे ते माहीत असतं. दर 21 दिवसांनी कोणी तीन-चार दिवस नसेल तरी लोक केमो चालू असेल म्हणून कुजबुजतात.

आकडा तर लपवता येत नाही, पगार त्यावरच आहे. म्हणून मी दोन कागद करते. एक पगारासाठी, त्यात फक्त तारखा आणि दिवस, तो पेरोलच्या एकाच माणसाकडे. दुसरा कामाच्या बंधनांचा, त्यात किती दिवस रजेवर होता याचा उल्लेखच नाही, तो सुपरवायझरकडे. रजेचा प्रकार दोन्हीत "वैद्यकीय", पोटप्रकार नाही. दोन तुकडे एकत्र आले की चित्र दिसतं, म्हणून ते एकाच मेलमध्ये एकाच माणसाकडे जाऊ द्यायचे नाहीत.

आणि डॉक्टरचं नाव, हॉस्पिटलचं नाव दोन्हीत लिहित नाही. "नोंदणी क्रमांक पाहिला, सही-शिक्का आहे" एवढं पुरतं. धंतोलीत कोणतं हॉस्पिटल कशासाठी आहे हे आपल्याकडे रिक्षावाल्यालाही माहीत आहे.

सेफ्टी_हिंगणा

मी सेफ्टीमध्ये आहे आणि मला हे पटून नाही राहिलं. लपवालपवी किती करायची? स्टोअरला उंच रॅक असते, शिडी असते. सुपरवायझरला कारण माहीत नसेल तर तो दोन दिवस ऐकेल, तिसऱ्या दिवशी ट्रक उभा असला की म्हणेल चढ रे पटकन, एक बॉक्स काढ. कारण माहीत असलं की माणूस घाबरतो, ऐकतो. आणि समजा तो पडला, झटका आला, तर बाजूचे पोट्टे चप्पल हुंगवत बसतील. मला त्याच्या इज्जतीपेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा वाटते.

कारखाना_डॉक्टर_निवृत्त

तुमची भीती खरी आहे, मी शॉप फ्लोअरवर लोकांना पडताना पाहिलंय. पण कारण कळलं की सुपरवायझर ऐकतो हे माझ्या अनुभवात अर्धंच खरं आहे. बरेचदा उलट होते, कारण कळलं की तो स्वतःच डॉक्टर होतो. "आता तर बरा दिसून राहिला, गोळ्या चालू आहेत ना, चढ." कंबरेच्या पेशंटांच्या बाबतीत तर हमखास.

मी काय करायचो सांगतो. काय करू नये याची यादी देण्याऐवजी काय करायचं ते लिहायचो. चार "नाही" एका ओळीत आले की त्यातून आजार दिसतो, तो संत्रावाल्यांना दिसलाच. त्याऐवजी सुपरवायझरला असं द्या, "जनरल शिफ्ट, डिस्पॅचच्या टेबलावर चलन आणि नोंदी, जमिनीवरचं काम, सोबत दुसरा माणूस असताना. याशिवाय दुसरं काम द्यायचं असल्यास आधी टाइम ऑफिसला विचारावे." यात शिडीही गेली, फोर्कलिफ्टही गेली, नाइटही गेली, आणि वाचणाऱ्याला पाठ दुखते की डोळ्याचं ऑपरेशन झालं की आणखी काही, सांगता येत नाही. चारही बंधनांची पूर्ण यादी एचआरच्या पाकिटात राहते, बदली करायची वेळ आली की ती उघडून बघायची.

आणि एक फार महत्त्वाचं, बंधनांची मुदत. "3 महिन्यांनी दाखवणे" म्हणजे बंधनं 3 महिन्यांनी संपतात असं नाही. ती पुढच्या तपासणीची तारीख आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टिल डेट' भरावीच लागत असेल आणि कोणी तिथे 11 नोव्हेंबर टाकलं, तर 12 तारखेला सिस्टिम त्याला आपोआप नाइटला लावेल. असं झालेलं मी पाहिलं आहे, नशिबाने काही घडलं नाही. तिथे लिहायचं, नवीन लेखी पत्र येईपर्यंत लागू, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला आठवण द्यायची.

पेरोल_प्रवीण

मार्करचं मान्य. खिडकीशी धरून पाहिलं, खरंच दिसते राव 😐 आमच्या कपाटात तीन वर्षांचे तसे कागद आहेत.

पण एक सांगा, कायद्याने कंपनी आजार विचारूच शकत नाही ना? मग एवढं करायचंच कशाला, कामगारालाच सांगायचं आजार न लिहिलेलं सर्टिफिकेट आण.

एचआर_वर्धारोड

"विचारूच शकत नाही" इतकं सरसकट नाही प्रवीणभाऊ. काही ठिकाणी कंपनीला माहिती लागतेच, कामावर अपघात झाला तर त्याचा रिपोर्ट द्यावा लागतो, कामामुळे होणारे काही ठरावीक आजार कळवावे लागतात. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र 2017 चा वेगळा कायदा आहे, तिथे गोपनीयता फार कडक आहे, तो कागद तर माझ्याकडे आला तरी मी माझ्या हाताखालच्यांनाही दाखवत नाही. मुद्दा कंपनीला कळलं की नाही हा नाही, कंपनीत कोणाला कळलं हा आहे. आणि आजार न लिहिलेलं आणायला सांगाल तर अर्धे डॉक्टर नमुना दाखवतील आणि कामगार मधल्या मधे चकरा मारेल.

तुम्ही गळतीचं तोंड भलतीकडेच शोधून राहिले. आमच्याकडे सगळ्यात मोठी गळती व्हॉट्सअॅपवर होती. पोरगा आजारी पडला की आधी फोटो काढतो आणि डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकतो, "सर मेडिकल आहे". चाळीस लोकांच्या फोनमध्ये गेला. त्यानंतर तुम्ही कितीही सुंदर गोषवारा लिहा. आम्ही आता सगळ्यांना सांगून ठेवलंय की ग्रुपवर फक्त "आजारी आहे, अमुक तारखेपर्यंत" एवढं लिहा, कागद थेट टाइम ऑफिसला पाकिटात. तरी महिन्यातून एक फोटो येतोच.

टाइमऑफिस_बुटीबोरी

आमच्या ग्रुपवर पण आहे. आत्ताच स्क्रोल करून पाहिलं, या पोराचा पहिला कागद 8 जुलैलाच पडलाय तिथे. नशीब, पहिल्या डॉक्टरने फक्त ताप आणि अशक्तपणा लिहिलं होतं.

बरं, मी असा बनवला. एक्सेलमध्ये सुरुवात B मध्ये, शेवट C मध्ये, दिवस `=C2-B2+1`. आधी मी नुसतं `=C2-B2` करत होतो, म्हणजे आजपर्यंत प्रत्येकाचा एक दिवस खात होतो की काय कोण जाणे. पगाराचा कागद असा:

```
कर्मचारी क्र.: ____      रजा प्रकार: वैद्यकीय
गैरहजर: 07-07-2025 ते 11-08-2025, 36 दिवस
प्रमाणपत्रात आहे: 07-07 ते 28-07 (22), 30-07 ते 08-08 (10)
प्रमाणपत्रात नाही: 29-07, 09-08, 10-08, 11-08 (4)
कामास योग्य: 12-08-2025 पासून, बंधनांसह
मूळ कागद: 4, पाकिटात, सही-शिक्का-नोंदणी क्र. पाहिले
```

आणि सुपरवायझरचा डॉक्टर सरांनी सांगितला तसा वेगळा. बंधनं नेमकी काय ते पगाराच्या कागदात घेतलीच नाहीत.

कारखाना_डॉक्टर_निवृत्त

चांगलं झालंय. एकच बदल, "मूळ कागद 4" काढा. चार कागद म्हटलं की भरती झाला असेल हे कळते. फाइल स्कॅन करत असाल तर तिचं नावही बघा, मी "डिस्चार्ज_न्यूरो" अशा नावाच्या फाइल्स मेलला जोडलेल्या पाहिल्यात, आत काही नसलं तरी नावच सांगून जाते. नुसता कर्मचारी क्रमांक आणि महिना पुरे.

सेफ्टी_हिंगणा

टेबलाचं काम वगैरे ठीक, मान्य. माझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. तो शिफ्टमध्ये पडला तर?

कारखाना_डॉक्टर_निवृत्त

पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. दोन गोष्टी करता येतात. सगळ्या शिफ्टला नेहमीचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या, बेशुद्ध माणूस, झटका, छातीत कळ, भाजणं, सगळंच, कोणा एकासाठी म्हणून नाही. चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं, हे बुटीबोरीत प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. आणि दुसरं, त्याच्याशी बोला. कोणाला सांगायचं ते त्याने ठरवावं, आणि हो म्हणाला तर कोणाला आणि किती सांगायचं ते लिहून घ्या.

सेफ्टी_हिंगणा

आणि तो नाही म्हणाला तर? मग मी त्याला फिरत्या मशीनच्या शेडमध्ये घेऊच नाही, भले जागा असो नसो. मला तेवढा अधिकार पाहिजे.

एचआर_वर्धारोड

घेऊ नका ना, बंधन लिहिलेलंच आहे. त्यासाठी कारण कळायची गरज नाही. मात्र "जागा नाही" म्हणून त्याला घरी बसवायचं ठरलं तर तो वेगळा धागा होईल आणि लांबेल.

टाइमऑफिस_बुटीबोरी

पोळ्याच्या गडबडीत यायला जमलं नाही. अपडेट देतो. 29 जुलैचं पत्र आलं, डॉक्टरांनी आपल्या नोंदीत पाहून लिहून दिलं की 10 दिवस आराम 29 पासून सांगितला होता. आता गंमत बघा, 29 पासून 10 दिवस म्हणजे 7 ऑगस्टलाच संपतात. 29 झाकली आणि 8 उघडी पडली! एकूण 32 चे 32 च, उघडे दिवस चारचे चार. पोराने कपाळाला हात लावला आन् मग आम्ही दोघंही हसलो. मॅडमनी आता 8, 9 आणि 11 त्याच्या शिल्लक रजेतून घेतल्या, 10 ला रविवार, पण तो रविवार रजेत धरायचा की सुट्टीत यावर पेरोलशी वाद चालू आहे.

डॉक्टर सरांनी सांगितलं तसं मी त्याला वेगळं बसवून विचारलं, कोणाला सांगायचं का म्हणून. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणे, "भाऊ, डिस्पॅचच्या काकांना मी सांगतो माझं मी, तुम्ही नका सांगू." सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही. काल पाहिलं तर काकांनी त्याची खुर्ची कन्व्हेयरपासून उचलून आपल्या टेबलाला लावली होती.